दोन विभाग एकत्र झाल्यावर बदललेल्या जबाबदाऱ्या कशा कळवाव्यात? (साहेबांच्या चॅटवरून निवेदन लिहायचे आहे)

कागदकाम

नमस्कार. पुण्यातील एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी मनुष्यबळ विभागाचे काम पाहते. आमची कंपनी व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे आणि मालसाठ्याचे सॉफ्टवेअर तयार करते. ग्राहकाकडे जाऊन ते बसवून देणारा सहा जणांचा इन्स्टॉलेशन विभाग आणि फोनवरून अडचणी सोडवणारा नऊ जणांचा सपोर्ट विभाग आजवर वेगळे होते. आता ते एक होत आहेत. काल, २२ मे रोजी रात्री, आमच्या व्यवस्थापकांनी मला पुढील संदेश पाठवला. नावांच्या जागी मी 'क' आणि 'ख' घातले आहे, बाकी शब्द त्यांचेच.

> इन्स्टॉलेशन बंद. १ जूनपासून सगळे सपोर्टखाली. क सगळ्यांचा लीड. ख आता लीड नाही, त्याला तू सांगून टाक. सीनियर इंजिनियर वगैरे पदं काढली, सगळ्यांचं पद एकच. शिफ्ट सगळ्यांना, रात्री साडेदहापर्यंत. पगार तोच. दोघांचं काही जमेल असं वाटत नाही, तीन महिने बघू. मेल छान भाषेत लिही, परवा सकाळी पाठवू. कारणं फार देऊ नकोस, उगाच चर्चा होते.

यावरून मी पहिला मसुदा असा केला आहे:

> सर्व सहकाऱ्यांना कळविण्यास आनंद होत आहे की, बदलत्या व्यावसायिक गरजा लक्षात घेऊन आणि ग्राहकांना अधिक सक्षम सेवा देता यावी या हेतूने आपल्या दोन विभागांचे एकत्रीकरण करण्यात येत आहे. त्या अनुषंगाने काही जबाबदाऱ्यांची फेररचना करण्यात आली असून कोणाच्याही वेतनात बदल होणार नाही. कोणाचीही नोकरी धोक्यात नाही, याची सर्वांनी खात्री बाळगावी.

भाषा सौम्य झाली आहे असे मला वाटते, पण वाचल्यावर काहीतरी कमी आहे असेही जाणवते. जाणकारांनी सुचवावे.

जुने_मस्टर

राग मानू नका, पण तुमच्या मसुद्यापेक्षा साहेबांचा संदेश अधिक उपयोगाचा आहे. लीड कोण, केव्हापासून, पद काय, वेळ काय, हे त्यात सगळे आहे. तुमचा मसुदा इन्स्टॉलेशनमधील माणसाने वाचला, तर सोमवारी रजा कोणाकडे मागायची एवढेही त्याला कळणार नाही. मात्र काहीतरी लपवले जात आहे हे त्याला पहिल्याच ओळीत कळेल, कारण ज्याचे लीडपद जाणार आहे त्याला 'कळविण्यास आनंद' होत असल्याचे आपण सांगत आहोत.

माझी पद्धत सांगतो. असा संदेश आला की आधी त्यातील प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर उतरवून काढायचे आणि त्यापुढे लिहायचे की हे ठरले आहे, की अजून ठरायचे आहे, की हे एकट्या माणसाला सांगण्याचे आहे. तुमच्याकडे विभाग एकत्र होणे, 'क' लीड होणे आणि पदनाम एक होणे ही ठरलेली कामे आहेत. 'ख' लीड नसणे हेही ठरले आहे, पण ते आधी एकट्या 'ख' यांना सांगण्याचे आहे, आणि तेही तुम्ही नव्हे. ज्याने निर्णय घेतला त्याने समोर बसून सांगायचे असते. 'सांगून टाक' हे काम तुम्ही अंगावर घेऊ नका. 'ख' यांचा पहिला प्रश्न 'का' हा असेल आणि त्याचे उत्तर तुमच्याजवळ नाही.

शिफ्ट आणि पगार या दोन ओळी ठरल्यासारख्या दिसतात, पण त्या ठरलेल्या नाहीत. 'पगार तोच' याचा अर्थ साहेबांना विचारून घ्या. इन्स्टॉलेशनच्या लोकांना दौऱ्याचा भत्ता मिळतो का? मिळत असेल, तर दौरे कमी झाल्यावर त्याचे काय होणार?

उरली 'दोघांचं जमेल असं वाटत नाही' ही ओळ. ती निवेदनात येणार नाही हे उघड आहे. परंतु ती वाचल्यानंतर 'कोणाचीही नोकरी धोक्यात नाही' हे वाक्य तुम्हाला लिहिता येणार नाही. तीन महिन्यांनी त्या दोघांना जावे लागले, तर उरलेले तेरा जण तुमची पुढची कोणतीही मेल खरी मानणार नाहीत.

तिसरा_मजला

येथे एक गोष्ट निसटते आहे. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९अ नुसार सेवाशर्तींत बदल करायचा असेल तर २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे १ जूनपासून यातले काहीही लागू करता येणार नाही. तुम्ही साहेबांना तसे स्पष्ट लिहून कळवा.

जुने_मस्टर

तिसरा_मजला, तुमचे अर्धे बरोबर आहे. तो जुना कायदा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. नोटिशीची तरतूद तिथे कलम ४० मध्ये आहे आणि मुदत २१ दिवसांचीच आहे. मात्र ती प्रत्येक बदलाला लागू होत नाही, सोबतच्या अनुसूचीत दिलेल्या बाबींनाच लागू होते. भत्ते, कामाचे तास, स्थायी आदेशांत नसलेली नवी शिफ्ट, श्रेणीनुसार वर्गवारी या बाबी त्या अनुसूचीत आहेत. आपला लीड कोण, हा बदल त्यात नाही.

दुसरे असे की, ही तरतूद 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. पदनामात इंजिनियर असले म्हणून माणूस त्या व्याख्येबाहेर जात नाही. दाराच्या पाटीपेक्षा तो प्रत्यक्षात कोणते काम करतो हे पाहिले जाते, आणि तांत्रिक काम त्या व्याख्येत येते. म्हणून कागदकाम यांनी कंपनीच्या कामगार सल्लागारांना आजच फोन करावा. मेल म्हणजे नोटीस नव्हे, तिचा नमुना वेगळा असतो. व्यवहारात मात्र मार्ग सोपा आहे. लीड आणि विभाग १ जूनपासून बदलावेत, शिफ्ट आणि भत्त्यांचा बदल १ जुलैवर न्यावा. पदनाम एक करताना श्रेणीही एक होणार असेल, तर तेही सल्लागारांच्या कानावर घालावे.

रविवारचा_पाहुणा

कागदकाम ताई, तुमचे पद काढून घेतले हे वाचून वाईट वाटले. माझ्याबाबतीत असेच झाले होते. आमच्या शाखेचे दुसऱ्या शाखेत विलीनीकरण झाले आणि मला ते सूचना फलकावरून कळले. मी सकाळी नेहमीच्या टेबलापाशी गेलो, तर तेथे दुसरी व्यक्ती बसलेली होती. आमचे वरिष्ठ दुपारी भेटले आणि म्हणाले, "अहो, मेल आली असेल ना तुम्हाला." तुम्ही राजीनाम्याची घाई करू नका, एवढेच सांगतो.

कागदकाम

रविवारचा_पाहुणा, आपुलकीबद्दल आभारी आहे, पण पद माझे गेलेले नाही. मला केवळ निवेदन लिहायचे आहे. तरीही तुमचा अनुभव मी साहेबांना वाचून दाखवणार आहे.

जुने_मस्टर, भत्त्याचा तुमचा अंदाज खरा निघाला. सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या भागांत दौऱ्यावर जाणाऱ्यांना दिवसाला ४५० रुपये मिळतात आणि महिन्याला साधारण बारा दिवस दौरा असतो, म्हणजे ५,४०० रुपये. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दुरूनच बसवता येते, त्यामुळे पुढे चारच दिवस दौरा राहील आणि भत्ता १,८०० रुपयांवर येईल. पगारपत्रकातला मूळ आकडा तोच राहिला, तरी घरात येणारे ३,६०० रुपये कमी होणार. हे साहेबांच्या लक्षात आले नव्हते.

आणि मला वाटते, खरे कारणही इथेच सापडते. दौरे कमी झाले म्हणून इन्स्टॉलेशनचे काम घटले. साहेब ते लिहू देत नाहीत, कारण 'काम घटले' असे लिहिले की लोक 'माणसेही घटणार' असे वाचतील, असे त्यांचे म्हणणे आहे.

हिशेबनीस

मी स्वतः चाळीस माणसांचा विभाग सांभाळतो, म्हणून साहेबांची बाजू थोडी मांडतो. अशा वेळी व्यवस्थापकाला सगळीच उत्तरे माहीत नसतात. तुम्ही निवेदनात दहा गोष्टी लिहिल्या, तर लोक त्यांतून पंधरा प्रश्न काढतात आणि पुढचे दोन दिवस काम बंद पडते. निवेदन पाच ओळींचे असावे आणि बाकीचे प्रत्यक्ष बोलावे. कारणे देऊ नयेत असे मी म्हणणार नाही, पण एकच कारण द्यावे आणि तेच सगळीकडे सांगावे. मेलमध्ये एक कारण, बैठकीत दुसरे आणि चहाच्या टपरीवर तिसरे, असे झाले की माणसे तिसरेच खरे धरतात.

शिफ्टवाली

हिशेबनीस यांचे पाच ओळींचे मत मला पटत नाही. मी सपोर्टमध्ये काम करते. असे निवेदन आले की मी त्यात आधी माझी वेळ शोधते. रात्री साडेदहाला सुटल्यावर घरी कशी जाणार, हे मेलमध्ये नसेल तर मी ते भर बैठकीत पंधरा जणांसमोर विचारणार नाही, आणि माझ्यासारख्या अनेक जणी विचारणार नाहीत. बोलून सांगू असे म्हणणाऱ्यांना वाटते तितक्या सहजपणे सगळे बोलत नाहीत.

शिवाय महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिलांना रात्री साडेनऊनंतर त्यांच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षितता व वाहनाची सोय कंपनीने करायची असते. म्हणून 'शिफ्ट सगळ्यांना' हे वाक्य जसेच्या तसे निवेदनात जाऊ शकत नाही. संमती मागतानाही ती नाकारता येईल अशी मागावी. 'आपले सहकार्य अपेक्षित आहे' या वाक्याखाली सही करण्याला कोणी संमती म्हणू नये.

जुने_मस्टर

शिफ्टवाली यांचा मुद्दा नेमका आहे. हिशेबनीस यांचे एकच कारण देण्याचे म्हणणेही मी उचलतो, आणि ते कारण खरेच असले पाहिजे. दौरे कमी झाले हे इन्स्टॉलेशनच्या सहा जणांपासून लपवण्यात काय अर्थ आहे? गेले काही महिने आपली बॅग कितीदा भरली गेली हे त्यांना साहेबांपेक्षा अधिक ठाऊक आहे. त्यांना ठाऊक असलेले कारण सोडून 'सक्षम सेवा' असे लिहिले की त्यांची भीती वाढते. कारण लिहावे आणि त्याला लागूनच, त्या कारणाचा माणसांच्या संख्येवर आज काय परिणाम होतो आहे, हेही लिहावे.

त्यासाठी साहेबांकडून एका प्रश्नाचे उत्तर आणावे लागेल. तीन महिन्यांनी आढावा घेतला जाणार आहे की नाही? घ्यायचा असेल तर तो पंधराही जणांचा असावा, कशावर घेणार ते आधी सांगावे आणि शिकण्यासाठी वेळ द्यावा. घ्यायचा नसेल तर ती गोष्ट साहेबांनी मनातूनही काढून टाकावी. दोघांची नावे मनात ठेवून सगळ्यांना निर्धास्त राहा म्हणणे, हा तिसरा रस्ता बंद समजा.

आणि वाक्यांचा कर्ता परत आणा. तुमच्या मसुद्यात 'करण्यात येत आहे', 'करण्यात आली असून' अशी वाक्ये आहेत, जणू फेररचना आपोआप झाली. 'मी हा निर्णय घेतला आहे' हे एक वाक्य आले की बाकीचा सूर आपसूक माणसाळतो, त्यासाठी वेगळी गोड विशेषणे घालावी लागत नाहीत. निवेदन साहेबांच्याच नावाने जाऊ द्या.

कागदकाम

आज साहेबांशी तासभर बोलणे झाले. मेल परवाऐवजी २७ मे रोजी जाईल. भत्त्याबाबत त्यांनी असे मान्य केले की, जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत इन्स्टॉलेशनच्या लोकांना मागील तीन महिन्यांची सरासरी मिळेल आणि त्यानंतर प्रत्यक्ष दौऱ्यानुसार भत्ता मिळेल. आढावा सगळ्यांचा होईल. 'ख' यांच्याशी ते २६ तारखेला स्वतः बोलणार आहेत. ते थोडे कुरकुरले, पण तयार झाले. दुसरा मसुदा खाली देत आहे.

> सहकाऱ्यांनो,
>
> १ जूनपासून इन्स्टॉलेशन आणि सपोर्ट हे दोन विभाग 'ग्राहक सेवा' या एका विभागात एकत्र येतील. हा निर्णय मी घेतला आहे. आपल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दुरून बसवता येते, त्यामुळे ग्राहकाकडे जाऊन करण्याचे काम कमी झाले आहे आणि फोनवरील काम वाढले आहे. या बदलात आज कोणालाही कमी केले जात नाही; पंधराही जण नव्या विभागात आहेत.
>
> १ जूनपासून विभागाचे लीड 'क' असतील. रजा, कामाचे वाटप आणि तक्रारी यांसाठी सर्वांनी त्यांच्याशी बोलावे. आतापर्यंत इन्स्टॉलेशनचे लीड असलेले 'ख' हे दौऱ्यावरील सर्व कामांची आखणी आणि सपोर्टमधील सहकाऱ्यांचे प्रशिक्षण पाहतील. सर्वांचे पदनाम 'ग्राहक सेवा अभियंता' असे होईल. मूळ वेतन आणि सेवेची ज्येष्ठता बदलणार नाही. जुन्या पदनामाचे अनुभवपत्र हवे असल्यास ते मनुष्यबळ विभागातून मिळेल.
>
> शिफ्ट आणि दौरा भत्ता यांत १ जूनला कोणताही बदल होणार नाही. १ जुलैपासून प्रत्येकाला तीन आठवड्यांतून एक आठवडा दुपारी दीड ते रात्री साडेदहा ही वेळ देण्याचा प्रस्ताव असून त्याची रीतसर नोटीस स्वतंत्रपणे मिळेल. महिला सहकाऱ्यांना रात्री साडेनऊनंतरचे काम त्यांच्या लेखी संमतीनेच दिले जाईल आणि घरापर्यंत वाहन असेल. संमती न दिल्यास दुपारी साडेबारा ते रात्री साडेनऊ ही वेळ राहील आणि त्याचा मूल्यमापनावर परिणाम होणार नाही.
>
> दौरे कमी झाल्यामुळे काही जणांचा भत्ता कमी होईल, याची मला जाणीव आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात त्यांना मागील तीन महिन्यांच्या सरासरीइतका भत्ता मिळेल. ऑक्टोबरपासून तो प्रत्यक्ष दौऱ्यानुसार राहील.
>
> नव्या कामाचे प्रशिक्षण जूनमध्ये होईल. सप्टेंबरअखेर मी आणि 'क' प्रत्येकाशी कामाबद्दल स्वतंत्रपणे बोलू. तो आढावा कशावर असेल, हे १५ जूनपर्यंत लेखी कळवीन. त्यापुढील रचनेबद्दल आज मी शब्द देऊ शकत नाही.
>
> २८ आणि २९ मे रोजी दुपारी तीन ते पाच मी कोणाशीही एकट्याने बोलण्यासाठी उपलब्ध आहे.

हिशेबनीस

पाच ओळींचा माझा हट्ट मी सोडतो, मसुदा वाचण्यासारखा झाला आहे. पण 'त्यापुढील रचनेबद्दल आज मी शब्द देऊ शकत नाही' हे वाक्य मी काढले असते. खरे आहे, म्हणून सगळे लिहायलाच हवे असे नाही. या वाक्यामुळे चांगली माणसे त्याच रात्री नोकरी शोधू लागतील, आणि जे जाऊ शकतात तेच आधी जातील.

शिफ्टवाली

मी ते वाक्य ठेवले असते. ते नसेल तर 'आज कोणालाही कमी केले जात नाही' यातील 'आज' हा शब्द मी तीनदा वाचला असता आणि नोकरी तरीही शोधली असती. माझी शंका वेगळी आहे. पुरुष सहकाऱ्यांना रात्रीची वेळ नाकारण्याची मुभा नाही. एखाद्याच्या घरी आजारी आई असेल, तर त्याने काय करावे? आमच्याकडे यावरून आधीच कुजबुज असते आणि ती शेवटी आमच्यावरच येते.

जुने_मस्टर

ती तरतूद कायद्याने महिलांसाठी केली आहे, पण कंपनीला त्यापुढे जाण्याची मनाई नाही. 'घरगुती अडचण असल्यास लीडशी बोलून वेळ बदलून घेता येईल' असे एक वाक्य घालता येईल. मात्र वेळापत्रक किती जणांच्या सवलतीनंतर कोलमडते, हे आधी कागदावर मांडून पाहा. पंधरापैकी रोज पाच जण रात्री लागणार असतील, तर चार-पाच सवलतींनंतर उरलेल्यांवर महिन्यातून दोन-दोन आठवडे येतील. जे पाळता येणार नाही ते लिहू नका.

हिशेबनीस यांच्या वाक्याबद्दल माझे मत शिफ्टवाली यांच्या बाजूने आहे, पण हा निर्णय साहेबांनीच घ्यावा. खाली सही त्यांची आहे.

क्रम तेवढा सांभाळा. २६ तारखेला आधी 'ख', मग 'क'. २७ तारखेला सकाळी सर्वांना एकत्र बसवून साहेबांनी हे बोलून दाखवावे आणि लोक जागेवर पोहोचेपर्यंत मेल आलेली असावी. दौऱ्यावर असलेल्यांना त्याच वेळी फोनवर जोडून घ्या, नाहीतर सांगलीला बसलेल्या माणसाला ते व्हॉट्सॲपवरून कळेल. ग्राहकांना त्यानंतर कळवा. आणि तो मूळ चॅट कोणालाही पुढे पाठवू नका, 'क' यांनाही नाही.

तिसरा_मजला

नोटिशीबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. एक विचारतो. निवेदनात 'ख' यांच्या नव्या कामाचे वर्णन आहे, पण ते त्यांना मान्य आहे का? २६ तारखेला त्यांनी 'प्रशिक्षणाचे काम मला नको' असे म्हटले तर?

कागदकाम

साहेबांनी ती ओळ तूर्त रिकामी ठेवायला सांगितले आहे. 'ख' यांच्याशी बोलणे झाल्यावर, त्यांच्याबद्दलची दोन वाक्ये त्यांना आधी वाचायला देऊन मगच घालू. त्यांनी नकार दिला, तर १ जूनपासून ते दौऱ्याची आखणीच पाहतील आणि बाकीचे नंतर ठरेल, एवढेच लिहिता येईल असे दिसते. कामगार सल्लागारांनी नोटिशीचा नमुना उद्या पाठवतो म्हटले आहे. पदनाम एक केल्याने श्रेणीत बदल होतो का, यावर त्यांनी अजून होकार किंवा नकार दिलेला नाही. त्यामुळे ते वाक्य मी २७ तारखेच्या मेलमधून बाहेर काढून जुलैच्या नोटिशीत घालण्याच्या विचारात आहे.